मराठी अनुवाद स्क्रीन रीडरला का वाचता येत नाही : पार्श्वभूमी

एकाच माहितीपुस्तिकेची इंग्रजी आणि मराठी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून स्क्रीन रीडरने, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचून पाहिली, तर बहुतेक वेळा असे आढळते की इंग्रजी आवृत्तीत वाचक एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर सहज जातो आणि मराठी आवृत्तीत मात्र त्याला एक तर काहीच ऐकू येत नाही, किंवा तुटकी अक्षरे आणि उलटसुलट वाक्ये ऐकू येतात. अनुवाद चांगला असतो, छपाई नेटकी असते, तरीही हे घडते. याची कारणे अनुवादाच्या भाषेत नसून, मराठी मजकूर संगणकावर कसा साठवला गेला आणि तो पानावर कोणी, कोणत्या साधनाने बसवला, या तीसेक वर्षांच्या इतिहासात आहेत.

पहिला अडथळा अक्षरांचाच होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही सांकेतिक प्रमाणपद्धती होती, १९९१ साली तिचे भारतीय मानक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी आलेल्या, जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीलाही जागा मिळाली. डीटीपीच्या दुकानांत मात्र या दोन्हींऐवजी वेगळीच युक्ती रुजली. श्रीलिपी, आयएसएमचे डीव्ही मालिकेतील फॉन्ट, कृतिदेव अशा फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसे, फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असत. कृतिदेवमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी असा असतो :

```
ejkBh
```

स्क्रीन रीडर पानाकडे पाहत नाही. तो फाइलमधली अक्षरे घेतो आणि त्यांचा आवाज करणाऱ्या वाणी-संश्लेषकाकडे सोपवतो. त्यामुळे वरचा शब्द इंग्रजी आवाजात काहीतरी निरर्थक पुटपुटल्यासारखा ऐकू येतो. पूर्ण पुस्तिकाच अशी असेल, तर अंध वाचकाच्या दृष्टीने ती कोऱ्या कागदाहून वाईट ठरते, कारण कोरा कागद निदान गोंगाट करत नाही.

विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टासह देवनागरी युनिकोडची सोय आली आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक अनुवादक युनिकोडमध्ये लिहू लागले. छपाईचे जग मात्र त्यांच्याबरोबर गेले नाही. पानांची मांडणी पेजमेकरमध्ये होत असे आणि त्याला युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे उमजत नसत. इनडिझाइन या नव्या मांडणी-साधनात भारतीय लिप्यांचा आधार सर्वसामान्य वापरकर्त्याच्या हाती २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपासून रीतसर आला. तोवर ठरलेली वाट अशी होती : अनुवादकाने युनिकोडमध्ये वर्ड फाइल पाठवायची, डीटीपी करणाऱ्याने ती कन्व्हर्टरने जुन्या फॉन्टात उतरवायची आणि पेजमेकरमधून पीडीएफ काढायची. म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल असा मजकूर एका टप्प्यावर हाती होता आणि पुढच्याच टप्प्यावर तो हातचा गेला. माझ्या मते मराठी दस्तऐवजांच्या सुगम्यतेचा, म्हणजे ते दिव्यांगांनाही वापरता येण्याचा, सगळ्यात मोठा तोटा या हस्तांतरातच झाला, आणि तो ना अनुवादकाला दिसत होता ना छापणाऱ्याला.

दुसरा अडथळा पीडीएफच्या स्वरूपाचा आहे. १९९३ साली अडोबीने पीडीएफ आणले, तेव्हा पान सगळीकडे हुबेहूब सारखे दिसावे एवढाच त्याचा हेतू होता. पानावर कुठे कोणता आकार काढायचा, हे त्यात नोंदलेले असते. मथळा कोणता आणि परिच्छेद कुठे संपतो, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती. २००१ च्या पीडीएफ १.४ पासून मजकुराला टॅग लावून त्याची रचना सांगण्याची सोय झाली आणि २०१२ साली पीडीएफ/यूए हे सुगम्य पीडीएफचे आंतरराष्ट्रीय मानक आले. ही सोय ऐच्छिक होती आणि आजही पीडीएफ काढताना योग्य पर्याय निवडला नाही, तर टॅगांशिवायच फाइल तयार होते.

देवनागरीत याला आणखी एक पदर आहे. ‘किती’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी उच्चारात ‘क’नंतर येते, पण पानावर ती ‘क’च्या आधी काढली जाते. पीडीएफमध्ये आकार ज्या क्रमाने काढले तो क्रम राहतो. त्यामुळे फाइल युनिकोड फॉन्टात असली तरी तिच्यातून उचललेला मजकूर कधी कधी ‘िकती’ असा येतो आणि संश्लेषक अडखळतो; जोडाक्षरांची अर्धी रूपे तर सरळ गायबही होतात. मूळ अक्षरक्रम शब्दाबरोबर जपून ठेवण्याची तरतूद पीडीएफमध्ये आहे, परंतु सगळी साधने ती वापरत नाहीत. पारख सोपी आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावा. इंग्रजी अक्षरे किंवा निरर्थक चिन्हे उमटली तर जुना फॉन्ट आहे, वेलांट्या सुट्या पडल्या तर आकारक्रमाचा दोष आहे, आणि काहीच निवडता आले नाही तर ते पान म्हणजे केवळ छायाचित्र आहे.

अक्षरे शाबूत असली तरी वाचनक्रम बिघडू शकतो, आणि अनुवादात तो बिघडण्याचे खास कारण आहे. अतिसारावरील दोन स्तंभांच्या एका पत्रकाची कल्पना करावी. डाव्या स्तंभात लक्षणे, उजव्या स्तंभात ओआरएस बनवण्याची कृती, खाली धोक्याच्या चिन्हांची चौकट. इंग्रजी पत्रकात चौकटी योग्य क्रमाने रचलेल्या आहेत. मराठी मजकूर त्याच साच्यात ओतला जातो आणि उजव्या स्तंभात तो मावत नाही. डीटीपी करणारा शेवटच्या दोन ओळी कापतो, नवी मजकूर-चौकट काढतो आणि ती स्तंभाच्या खाली अचूक जुळवून बसवतो. डोळ्यांना काहीच कळत नाही. पण ही चौकट पानावर सगळ्यांत शेवटी आलेली असल्याने, हाताने क्रम लावला नाही तर ती शेवटीच वाचली जाते. मग ‘एक लिटर स्वच्छ पाण्यात एक पुडी’ इथपर्यंत कृती ऐकू येते, पाठोपाठ धोक्याची चिन्हे सुरू होतात आणि पत्रक संपता संपता ‘पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे आणि २४ तासांच्या आत वापरावे’ हे वाक्य कशाबद्दल आहे, याचा पत्ता लागत नाही. यावर उपाय म्हणजे उरलेला मजकूर सुट्या चौकटीत न टाकता आधीच्या चौकटीलाच जोडून वाहता ठेवणे. इनडिझाइनमध्ये ‘आर्टिकल्स’ या पटलावर वाचनक्रम ठरवण्याची सोय २०११ पासून आहे. अनुवादाच्या कामात ती क्वचितच उघडली जाते.

मथळ्यांची कहाणी त्यामानाने साधी आहे. वेबवर सहा पातळ्यांचे मथळे सुरुवातीच्या काळापासून होते आणि १९९९ च्या पहिल्या वेब सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांचा रचनेसाठी वापर करायला सांगितले. लांब दस्तऐवजात स्क्रीन रीडर वापरणारे बहुसंख्य लोक आधी मथळ्यांवरूनच वाट काढतात. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि एफ७ दाबून मथळ्यांची यादी उघडता येते. मराठी टंकलेखनाच्या परंपरेत मात्र मथळा म्हणजे ठळक आणि मोठा ठसा. वर्डची शीर्षक-शैली न लावता नुसता आकार वाढवला, तर ती यादी रिकामी राहते. दोन ओळींच्या मथळ्यात मध्येच एंटर दाबला, तर यादीत एकाचे दोन मथळे होतात. आणि शोभेसाठी ‘सू च ना’ अशी अक्षरे सुटी टाकण्याची आपली जुनी सवय तर स्क्रीन रीडरला एका शब्दाचे तीन शब्द करून देते.

याच्याच जोडीला भाषेची खूण येते. इंग्रजी वेबपानावर मराठी मजकूर चढवताना भाषा सांगणारी वरची ओळ तशीच राहिली, तर संश्लेषक इंग्रजी आवाजाने मराठी वाचू पाहतो. अनेक इंग्रजी आवाज देवनागरी सरळ गाळूनच टाकतात. बदल एवढाच असतो :

```
<html lang="mr">
```

इथे हिंदीची खूण लावून वेळ मारून नेण्याचा मार्गही बरेच जण पत्करतात, आणि मराठी कानाला ते वाचन लगेच परके वाटते.

चित्रवर्णनाची गोष्ट सगळ्यांत अदृश्य आहे. प्रतिमेला पर्यायी मजकूर देण्याची सोय १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये होती आणि एचटीएमएल ४ मध्ये तो अनिवार्य ठरला. वर्डमध्येही प्रत्येक चित्राला वर्णन जोडता येते. पण अनुवादकाला मिळणाऱ्या मजकुरात हे वर्णन बहुधा नसतेच, कारण ते पानावर दिसत नाही आणि शब्दमोजणीत धरले जात नाही. अनुवाद-साधनांतही ते उचलण्याचा पर्याय सुरू आहे का, हे पाहावे लागते. परिणामी मराठी दस्तऐवजात चित्रांची वर्णने इंग्रजीच राहतात. वरच्याच पत्रकातले चित्र घ्या. मूळ वर्णन ‘भांड्यात पावडर ओतणारी स्त्री’ एवढेच असेल, तर त्याचा शब्दशः अनुवाद करून फारसे साधत नाही. वाचकाला हवे ते असे : ‘एक लिटर पाणी भरलेल्या भांड्यात ओआरएसची पूर्ण पुडी रिकामी केली जात आहे.’ हीच माहिती शेजारच्या मजकुरात आली असेल, तर चित्राला शोभेचे म्हणून खूण करावी, म्हणजे तेच ते दोनदा ऐकावे लागत नाही. चित्राच्या आत लिहिलेली इंग्रजी नावे ही आणखी एक फट : ती अनुवादकाच्या फाइलमध्ये येत नाहीत आणि छापील मराठी पत्रकावरही इंग्रजीच राहतात.

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली, पण अर्धवट. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली आलेल्या २०१७ च्या नियमांतील नियम १५ मध्ये संकेतस्थळांवरील दस्तऐवज ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात किंवा ओसीआर-आधारित पीडीएफ स्वरूपात असावेत, असे म्हटले. यातली ओसीआरची अट अक्षरांपुरती आहे. छायाचित्रातली अक्षरे ओळखली गेली, की फाइल अट पूर्ण करते. तिला मथळे नसले, क्रम चुकला, चित्रे मुकी राहिली तरी चालते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५ बंधनकारक नसून केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा असल्याने तो अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि किमान अनिवार्य निकष आखण्यास केंद्र सरकारला सांगितले.

नव्या अनुवादांसाठी यातून निघणारा व्यवहार अवघड नाही. शैली, क्रम आणि वर्णने मूळ वर्ड फाइलमध्येच नीट करून मगच ती अनुवादाला द्यावी, म्हणजे ही रचना मराठीत आपोआप उतरते. वर्णने अनुवादकाच्या कामात आणि मोबदल्यात धरावीत. आणि पीडीएफ हाती आल्यावर यांत्रिक तपासणीवर न थांबता मराठी जाणणाऱ्या स्क्रीन रीडर वापरकर्त्याकडून ती एकदा वाचून घ्यावी, कारण तपासणीचे सॉफ्टवेअर वर्णन आहे की नाही एवढेच सांगते, ते बरोबर आहे का हे सांगत नाही. जुन्या फॉन्टातल्या पुस्तिकांचे मात्र तसे नाही. मूळ फाइल आणि फॉन्टाचे नाव मिळाले, तर कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, तरीही रफार आणि जोडाक्षरे हाताने तपासावी लागतात. केवळ छापील प्रत उरली असेल, तर स्कॅन करून ओसीआर करणे एवढाच मार्ग राहतो, आणि त्यातून फक्त अक्षरे मिळतात. मथळ्यांच्या पातळ्या, स्तंभांचा क्रम आणि चित्रांची वर्णने पुन्हा माणसालाच बसून घालावी लागतात.