९ टक्के फ्लॅट की १३ टक्के रिड्युसिंग? खरा दर काढला की उत्तर उलटं येतं

गाडीच्या लोनसाठी दोन ठिकाणी चौकशी केलीत की दोन आकडे कानावर पडतात, फायनान्सवाला म्हणतो ९ टक्के आणि बँक म्हणते १३ टक्के, आणि समोरच्या माणसाला साहजिकच वाटतं की ९ स्वस्त. माझ्या मावसभावाचं देवगडकडे हेच चाललेलं, आंब्याच्या पेट्या वाहायला सेकंडहँड छोटा टेम्पो घ्यायचा होता, ३ लाख कर्ज, ३ वर्षं मुदत. मला फोनवर म्हणाला, "अरे, हो नऊ सांगता, बँकवालो तेरा सांगता, मगे बँकेत कित्याक जावचा?" प्रश्न अगदी बरोबर आहे, फक्त हे ९ आणि ते १३ एकाच मापाने मोजलेले नाहीत.

फ्लॅटमध्ये व्याज पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर लागतं आणि शेवटपर्यंत त्याच रकमेवर लागत राहतं. ३ लाखांचे ९ टक्के म्हणजे वर्षाला २७ हजार, तीन वर्षांचे ८१ हजार. मुद्दल अधिक व्याज ३ लाख ८१ हजार, त्याला ३६ ने भागलं की हप्ता १०,५८३. हिशोब इतका सोपा की कागदाच्या कोपऱ्यावर होतो, म्हणूनच तो पटकन पटतो.

रिड्युसिंगमध्ये दर महिन्याला जेवढं मुद्दल शिल्लक आहे तेवढ्यावरच व्याज. १३ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज ३,२५० होतं, हप्ता १०,१०८, म्हणजे ६,८५८ मुद्दलातून उतरले, आता पुढच्या महिन्याचं व्याज उरलेल्या रकमेवर, म्हणजे थोडं कमी. असं करत करत शेवटच्या हप्त्यात व्याज फक्त १०८ रुपये उरतं.

आता फ्लॅटचा शेवटचा हप्ता बघा. त्यांच्याच हिशोबाने दर हप्त्यात ८,३३३ मुद्दल आणि २,२५० व्याज. ३६ व्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे फक्त ८,३३३ रुपये उरलेत, आणि त्या एका महिन्याचं व्याज घेतायत २,२५०. पैसे तुम्ही केव्हाच परत केलेत, पण त्यांचं भाडं चालूच आहे. सगळा फरक इथेच आहे. गंमत बघा, पहिल्या महिन्यात मात्र बँकेचं व्याज ३,२५० आणि यांचं २,२५० दिसतं, त्यामुळे कोणी सुरुवातीचे आकडे शेजारी ठेवून दाखवले तर फ्लॅटच स्वस्त वाटणार.

मग एकूण किती? बँकेचं व्याज तीन वर्षांत साधारण ६३,९०० आणि फ्लॅटवाल्याचं ८१,०००. हप्त्यातला फरक ४७५ रुपये, एकूण १७ हजार आणि वर काहीतरी. ९ टक्केवाला १३ टक्क्यांपेक्षा महाग.

पण खरा दर किती, हा नीट प्रश्न आहे, आणि तो काढायला फार काही लागत नाही. मोबाईलवर कुठलंही साधं ईएमआय कॅल्क्युलेटर उघडा (ती सगळी रिड्युसिंगवरच चालतात), रक्कम ३ लाख, मुदत ३६ महिने टाका आणि दर बदलत बदलत हप्ता १०,५८३ च्या जवळ येतो का बघा. ९ टाकलेत तर हप्ता येतो ९,५४०. म्हणजे खरंच ९ टक्के असते तर महिन्याला हजाराहून जास्त कमी भरावे लागले असते. १४ टाका, १०,२५३, अजून कमीच. १६ टाका, १०,५४७, आलो जवळ. १६.२५ ला १०,५८४. झालं, खरा दर सव्वासोळा टक्के.

एक्सेल किंवा गुगल शीट येत असेल तर एका ओळीत होतं:

```
=RATE(36,-10583,300000)*12
```

हप्त्याच्या आधीचं वजाचं चिन्ह विसरू नका, नाहीतर एरर येतो, पैसे तुमच्या खिशातून जातायत म्हणून ते वजा. उत्तर सुमारे १६.२४ टक्के.

अंदाज घ्यायचा असेल तर फ्लॅट दराला १.८ ने गुणा, वर्ष ते चार वर्षांच्या नेहमीच्या कर्जाला हे बऱ्यापैकी जुळतं. ९ गुणिले १.८ म्हणजे १६.२. पण हा अंदाजच, सही करायच्या आधी कॅल्क्युलेटरवर बघाच.

आणि इथे अजून एक गोष्ट लपते. फायनान्सवाले फाईल चार्ज आधीच कापून घेतात. या प्रकरणात ६,००० होते, म्हणजे हातात २ लाख ९४ हजार पण हप्ता पूर्ण ३ लाखांचा. मग सूत्रात ३००००० च्या जागी २९४००० टाकायचं, आणि दर १७.७ वर जातो. बँकेनेही प्रोसेसिंग फी घेतली असेल तर तिच्याही बाबतीत हेच करायचं, एकाला कापून आणि दुसऱ्याला न कापता तुलना केली तर ती खोटी होईल. पहिला हप्ता आगाऊ घेतला तर तोही हातातल्या रकमेतून वजा आणि हप्ते एकाने कमी.

आपल्याकडे मात्र दरापेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती मध्येच पैसे भरायची सोय, कारण बागायतदाराचा पैसा वर्षभर थोडा थोडा येत नाही, एप्रिल-मेमध्ये एकदम येतो. रिड्युसिंग कर्जात मेमध्ये ५० हजार जास्तीचे भरले तर लगेच पुढच्या महिन्यापासून सुमारे ५४० रुपये व्याज कमी लागतं. फ्लॅटमध्ये व्याज आधीच ठरलेलं, करारात सूट लिहिलेली नसेल तर २,२५० तसेच. काही ठिकाणी वर्षाने पूर्ण बंद करायला गेलात तर उरलेले २४ हप्ते म्हणजे २ लाख ५४ हजार मागतात, ज्यात ५४ हजार तर न वापरलेल्या पैशांचं व्याज. बँकेचं तेच कर्ज वर्षाने साधारण २ लाख १२ हजार ६०० ला बंद होतं, वर काही दंड असेल तर तो वेगळा.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँका आणि फायनान्स कंपन्यांना नव्या वैयक्तिक आणि छोट्या धंद्याच्या मुदत कर्जांसाठी एक माहितीपत्रक द्यावं लागतं, त्याला केएफएस म्हणतात, आणि त्यात चार्जेस धरून खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोघांचे एपीआर शेजारी ठेवले की तुलना दोन मिनिटांत होते, तोंडी सांगितलेल्या टक्क्याकडे बघायचीच गरज नाही. गावातली पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या निबंधकाच्या अखत्यारीत येते, तिला हा नियम लागू नाही. तिथे तीनच गोष्टी लिहून मागा, हातात नक्की किती येणार, हप्ता किती आणि हप्ते किती, बाकीचं सूत्र काढून देतं. भावाने हे तिन्ही आकडे फायनान्सवाल्याकडे मागितले, त्याने दिलेही, आणि टेम्पोचं कर्ज मग बँकेतूनच झालं.