👍 म्हणजे ‘मिळालं’ की ‘ठरलं’?

तासगावच्या कोल्ड स्टोअरेजमधून बेदाण्याची गाडी भरायची आहे, असं समजा. सांगलीचा ट्रान्सपोर्टवाला व्यापाऱ्याला लिहितो, ‘उद्या ५ ला गाडी लावतो, ३०० बॉक्स काढून ठेवा.’ व्यापारी 👍 टाकतो आणि दोघेही निर्धास्त होतात. प्रत्यक्षात यातलं फारच थोडं ठरलेलं असतं. ५ म्हणजे पहाटेचे की संध्याकाळचे? निरोप रात्री बारानंतर गेला असेल तर ‘उद्या’ म्हणजे नक्की कोणता वार? आणि तो अंगठा ‘निरोप वाचला’ असं सांगतोय, की ‘हमाल लावतो, माल तयार ठेवतो’ असं?

मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क आणि सुसान ब्रेनन यांनी १९९१ साली संवादाच्या या बाजूची नीट मांडणी केली. बोलताना आपण नुसती माहिती देत नाही, समोरच्याला ती कळली याचा पुरावाही गोळा करत असतो. समोरासमोर हा पुरावा आपसूक मिळतो: मान हलते, ‘हं हं’ येतं, चेहऱ्यावर शंका दिसते. चॅटवर यातलं काहीच नसतं. ती जागा इमोजी भरून काढतो खरा, पण ‘हं’सारखाच तो कमकुवत पुरावा आहे. ऐकलं एवढं त्यातून कळतं, काय ऐकलं ते कळत नाही.

यावरून कॅनडात खटला उभा राहिला. मार्च २०२१ मध्ये सस्कॅचवान प्रांतातल्या एका धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवून ‘कृपया कन्फर्म करा’ असं लिहिलं. उत्तर आलं 👍. नोव्हेंबरमध्ये माल आला नाही, दरम्यान भाव चढले होते. शेतकऱ्याचं म्हणणं असं की, करार मिळाला एवढंच मी कळवलं होतं. २०२३ साली न्यायालयाने तो अंगठा सहीसारखा धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. अपिलातही, डिसेंबर २०२४ मध्ये, निकाल कायम राहिला. न्यायाधीशांनी दोघांचे आधीचे व्यवहार पाहिले होते. त्याच शेतकऱ्याने पूर्वी ‘ओके’, ‘हो’ एवढंच लिहून करार मान्य केले होते आणि मालही पोचवला होता. म्हणजे अर्थ चित्रात नव्हता, दोघांच्या जुन्या सवयीत होता. माझ्या मते ही गोष्ट आपल्या मार्केट यार्डातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण इथेही निम्मा व्यवहार सवयीवर चालतो.

उपाय विमानतळावर रोज वापरला जातो. कंट्रोल टॉवरने दिलेली महत्त्वाची सूचना वैमानिक नुसती ‘ओके’ करत नाही, आकड्यांसकट परत बोलून दाखवतो. व्यापाऱ्यानेही तेच करावं: ‘गुरुवार, पहाटे ५, गेट नंबर २, ३०० बॉक्स. हमाल साडेचारला येतील 👍’. आता चूक लपत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याच्या मनात संध्याकाळ असेल, तर ‘पहाटे’ वाचून तो तिथेच फोन करील. अंगठा राहिलाच आहे, पण आता त्याच्यावर फक्त आपुलकीचा भार आहे.

वेळ आणि तारीख मात्र चित्रावर कधीच सोडू नये. 🕔 या घड्याळातून सकाळ-संध्याकाळ कळत नाही, आणि सव्वा-पावणेची घड्याळं इमोजीत नाहीतच. 📅 तर आणखी फसवं: ॲपलच्या फोनवर त्या पानावर १७ जुलै छापलेलं दिसतं, दुसऱ्या कंपनीच्या फोनवर वेगळीच तारीख दिसू शकते.

आपल्याकडे सगळ्यात निसरडा इमोजी 🙏. ‘शनिवारी गाडी मिळेल का?’ याला नुसते हात जोडून उत्तर आलं, तर तो होकार, आभार की ‘माफ करा, जमणार नाही’? तिन्ही अर्थ इथे रोज चालतात. ‘शनिवारी नाही जमत, सोमवारी सकाळी ८ ला देतो 🙏’ असं लिहिलं की नकारही गोड होतो आणि पुढचा माणूस दुसरी गाडी बघायला मोकळा होतो.

नवीन गिऱ्हाइकाच्या पहिल्या निरोपात 🙂 टाकावा का? इथे मी सावध राहीन. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की, अनोळखी माणसाच्या पहिल्या कामकाजी ईमेलमधल्या हसऱ्या चेहऱ्याने लिहिणारा प्रेमळ वाटला नाही, उलट कमी कुशल वाटला. लोकांनी त्याला उत्तरातही कमी तपशील दिला. अर्थात ती ओळख नसतानाची गोष्ट. दहा वर्षं एकत्र गाड्या भरणाऱ्यांना हे लागू होईलच असं नाही.

ग्रुपवर आणखी एक पथ्य. एकामागून एक तीन निरोप आले आणि खाली सुटा 👍 पडला, तर तो कशाला, हे टाकणाऱ्यालाच ठाऊक. ज्या निरोपाला होकार आहे त्यालाच धरून रिप्लाय द्यावा. वेळ बदलली तर नुसतं ‘५ नाही ६’ न लिहिता वार, वेळ, गेट आणि बॉक्स असा पूर्ण निरोप नव्याने टाकावा, म्हणजे ड्रायव्हरने वाटेत शेवटचा निरोप उघडला तरी त्याला वर जाऊन शोधावं लागत नाही.