रनिंग बिल म्हणजे उत्पन्न नव्हे: ठेकेदाराच्या हिशेबामागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात घराचं बांधकाम साधारणपणे दसरा-दिवाळीनंतर जोर धरतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर थंडावतं. आर्थिक वर्ष मात्र 31 मार्चला संपतं, म्हणजे बहुतेक कामं अर्धवट असतानाच. लहान ठेकेदाराचा खरा प्रश्न त्या दिवशी उभा राहतो: प्लिंथ, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्यांवर बिलं काढली, मग त्यातलं आपलं उत्पन्न किती?

टप्प्याटप्प्यानं बिल काढण्याची रीत आपल्याकडे मुख्यतः सरकारी बांधकामांतून रुजली. सार्वजनिक बांधकाम खातं 1854 मध्ये लॉर्ड डलहौसीच्या काळात उभं राहिलं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला ते म्हैसूर राज्यात गेलं, तरी मोजमाप पुस्तक आणि रनिंग बिल ही पद्धत दोन्ही राज्यांत चालूच राहिली. अभियंता झालेलं काम मोजून ‘एमबी’त लिहितो, त्यावरून बिल निघतं. अशा कंत्राटांत एक अट हमखास असते: मधली सगळी बिलं ही अंतिम बिलापोटी दिलेली उचल समजावी. म्हणजे रनिंग बिल हे मुळात उत्पन्नाचं माप नव्हतंच, ते रोख पैसा फिरता ठेवण्याचं साधन होतं. खासगी घरमालकाशी करार करताना टप्पे आले, ही समज मात्र मागे राहिली.

हिशेबाच्या बाजूनं गोष्ट उशिरा ठरली. सनदी लेखापालांच्या संस्थेनं डिसेंबर 1983 मध्ये ‘एएस 7’ हे मानक काढलं. त्यात दोन्ही वाटा खुल्या होत्या: काम पूर्ण झाल्यावर सगळा नफा दाखवा, किंवा काम जितके टक्के झालं तितका. पहिली वाट अनेकांना सोयीची होती, कारण नफा पुढे ढकलता येई. 2002 मध्ये मानक सुधारलं आणि 1 एप्रिल 2003 पासूनच्या करारांना टक्केवारीचीच पद्धत उरली.

ती कशी चालते ते एका कल्पित घरावर पाहू. करार 40 लाखांचा, अंदाजे एकूण खर्च 32 लाख. 31 मार्चपर्यंत खर्च झाला 14.8 लाख, पण त्यातली 2 लाखांची सळई अजून साइटवर तशीच पडलेली. ती वापरली नसल्यानं मोजायची नाही. उरले 12.8 लाख, म्हणजे 32 लाखांच्या 40 टक्के. म्हणून उत्पन्न 40 लाखांच्या 40 टक्के, 16 लाख, नफा 3.2 लाख. सळई मालसाठ्यात जाते.

पण स्लॅबपर्यंतची बिलं 20 लाखांची निघालीत. घरमालक सुरुवातीचे हप्ते मोठे ठेवायला तयार होतो, ठेकेदारालाही तेच हवं असतं. हे वरचे 4 लाख उत्पन्न नाहीत. पुढच्या वर्षी कामानं फेडायचं ते देणं आहे, आणि ताळेबंदात ते देण्याच्या बाजूलाच बसतं. बिल कमी आणि काम जास्त झालं असेल, तर हाच फरक येण्याच्या बाजूला जातो. जीएसटी मात्र बिलाच्या रकमेवर लागतो, 16 लाखांवर नाही. म्हणून विवरणपत्र आणि नफा-तोटा पत्रक जुळत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही, फरकाचा तक्ता ठेवायचा.

बिलालाच उत्पन्न आणि सगळ्या खरेदीला खर्च धरलं असतं, तर नफा 5.2 लाख दिसला असता, म्हणजे उत्पन्नाच्या 26 टक्के. अंदाजात तो 20 टक्केच होता. एवढी तफावत दिसली की आधी पडून असलेला माल आणि टप्प्यांचे हप्ते तपासावेत.

पुढच्या वर्षी सळई महागून एकूण खर्च 34 लाखांवर गेला, तर मागचं वर्ष उघडायचं नाही. उरलेलं उत्पन्न 24 लाख, उरलेला खर्च 21.2 लाख, नफा 2.8 लाख, फरक सगळा चालू वर्षात बसतो. माझ्या मते पद्धतीचा खरा कमकुवत दुवा इथेच आहे. एकूण खर्चाचा अंदाज ठेकेदाराच्या डोक्यात असतो, कागदावर नाही, आणि अंदाजच नसेल तर टक्के कशाचे काढायचे?

प्राप्तिकराचं प्रकरण त्यानंतरचं. ‘आयसीडीएस 3’ हे करमोजणीचं मानक कर-निर्धारण वर्ष 2017-18 पासून लागू झालं. त्यात राखून ठेवलेली रक्कमही करारातल्या उत्पन्नात धरली होती. दिल्ली उच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2017 मध्ये ती तरतूद अमान्य केली. 2018 च्या वित्त कायद्यानं कलम 43CB आणून ती मागील तारखेपासून पुन्हा बसवली. म्हणजे मालकानं पावसाळा जाऊन गळती होते का हे पाहीपर्यंत 5 टक्के रोखले, तरी ती रक्कम उत्पन्नाच्या हिशेबात येते. ज्या व्यक्तीला कर-लेखापरीक्षण लागत नाही, तिला हे मानक लागू नाही. कामाचा पहिला टप्पा असेल आणि निकालाचा विश्वासार्ह अंदाज येत नसेल, तर खर्चाइतकंच उत्पन्न दाखवता येतं, मात्र ही सवलत 25 टक्के काम होईपर्यंतच आहे.