भावालेख आणि रिटेन्शन यांची तुलना

भावालेख म्हणजे भाषण, कथा किंवा व्हिडिओच्या संहितेतील मजकुराला सकारात्मक-नकारात्मक असे भावगुण देऊन ते वेळेच्या अक्षावर मांडले की मिळणारी रेषा. व्हिडिओच्या बाबतीत ही रेषा रिटेन्शन आलेखाशी, म्हणजे कोणत्या क्षणापर्यंत किती प्रेक्षक टिकले याच्या आलेखाशी, ताडून पाहतात. भाव कुठे चढला-उतरला आणि लोक कुठे उठून गेले यांचा काही मेळ आहे का, हे त्यातून पाहायचे असते.

ही पद्धत साहित्याच्या संगणकीय अभ्यासातून आली. २०१५ मध्ये मॅथ्यू जॉकर्स यांनी कादंबऱ्यांचे भावालेख काढणारे `syuzhet` हे आर भाषेतील पॅकेज प्रसिद्ध केले. त्यावर ॲनी स्वॅफर्ड यांनी घेतलेला आक्षेप आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. रेषा गुळगुळीत करण्यासाठी वापरलेली फूरिये गाळणी मजकुरात नसलेल्या लाटा निर्माण करते आणि आलेखाची दोन टोके ओढून एका पातळीवर आणते, असे त्यांनी दाखवले. गुळगुळीत रेषा सुंदर दिसते, पण तिच्यातली काही वळणे गाळणीची असू शकतात. म्हणून साधी सरकती सरासरी बरी.

दहा मिनिटांचा एक व्हिडिओ उदाहरणादाखल घेऊ. यूट्यूबची आकडेवारी व्हिडिओचे शंभर भाग पाडून मिळते, म्हणजे इथे दर सहा सेकंदांना एक बिंदू. सहा सेकंदांत जेमतेम बारा-तेरा शब्द बोलले जातात आणि तेवढ्यावरून भाव ठरत नाही. त्यामुळे एका मिनिटाची खिडकी घेऊन ती सहा-सहा सेकंदांनी पुढे सरकवतात. आपोआप तयार झालेल्या सबटायटलमध्ये पूर्णविराम नसले, तर वाक्ये तोडत बसण्यापेक्षा वेळेचे तुकडे पाडणेच सोयीचे.

सर्वांत मोठी चूक पुढच्या पायरीवर होते. रिटेन्शनची रेषा बहुतेक वेळ उतरतच जाते. उत्साहात सुरू होऊन शांतपणे संपणाऱ्या कोणत्याही कथनाचा भावालेखही उतरता असतो. दोन उतरत्या रेषांचा सहसंबंध भरघोस निघतो, पण तसा तो चहाच्या कपाच्या तापमानाशीही निघेल. म्हणून उरलेल्या प्रेक्षकांऐवजी गळतीचा दर घ्यावा:

```
h[i] = 1 - r[i+1] / r[i]
```

इथे `r` म्हणजे यूट्यूबच्या आकडेवारीतले `audienceWatchRatio`, एकूण व्ह्यूंच्या तुलनेत तो भाग किती वेळा पाहिला गेला याचे प्रमाण; `i` हा बिंदूचा क्रमांक. तिसऱ्या मिनिटाला हा आकडा ०.५० वरून ०.४९ झाला आणि आठव्या मिनिटाला ०.२५ वरून ०.२४, तर आलेखावर दोन्ही घसरणी सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात पहिल्या ठिकाणी समोर बसलेल्यांपैकी २ टक्के गेले, दुसऱ्या ठिकाणी ४ टक्के. `h` ऋण आला तर घाबरण्याचे कारण नाही. लोकांनी मागे जाऊन तो भाग पुन्हा पाहिला किंवा मधूनच तिथे उडी मारली, एवढाच त्याचा अर्थ.

सुरुवातीचे आणि शेवटचे अर्धे मिनिट सोडून द्यावे. सुरुवातीची गळती बहुधा शीर्षक-थंबनेल पाहून चुकून आलेल्यांची असते, तर शेवटची ‘सबस्क्राइब करा’ ऐकताच निघणाऱ्यांची. उरलेल्या नऊ मिनिटांत नव्वद बिंदू आहेत, पण खिडक्या एकमेकींवर चढलेल्या असल्याने खरोखर स्वतंत्र अशी निरीक्षणे नऊच्या आसपासच उरतात. नऊ निरीक्षणांवर सहसंबंध योगायोगाचा नाही असे ५ टक्के पातळीला म्हणायचे, तर तो साधारण ०.६७ च्या वर जावा लागतो, ०.६ मिळाल्यावर हर्षून जाऊ नये. आणखी एक सोपी परीक्षा अशी: भावालेख गोल फिरवून, म्हणजे शेवटचे तुकडे सुरुवातीला जोडत सरकवून, प्रत्येक सरकवणीला सहसंबंध पुन्हा काढावा. मूळ जागेवरचा आकडा त्या गर्दीत उठून दिसला नाही, तर तो योगायोग मानावा.

मराठी संहितेत भावगुणच आधी तपासावे लागतात. इंग्रजीसाठी बनवलेले `VADER` हे शब्दकोशावरून भावगुण देणारे साधन नकार शोधायला भावदर्शक शब्दाच्या आधीचे तीन शब्द पाहते. मराठीत ‘नाही’ सहसा मागून येते. नुसता शब्दकोश मराठी करून नियम तोच ठेवला, तर ‘मला हे आवडलं नाही’ या वाक्याला शाबासकी मिळते. ‘भयंकर आवडलं’ मधला ‘भयंकर’ आणि ‘नाद खुळा’ यांचेही असेच हाल होतात. २०२१ मधला `L3CubeMahaSent` हा मराठी संच ट्विटांवर बेतलेला आहे; ट्विटात मत ठासून मांडलेले असते, तर कथनातली बरीच वाक्ये नुसती वर्णनाची असतात. त्यावर शिकवलेले मॉडेल वापरण्यापूर्वी आपल्याच संहितेतील पन्नासेक तुकड्यांना हाताने गुण देऊन पडताळणे शहाणपणाचे.

शब्दच नसलेला भाग, उदाहरणार्थ नुसते संगीत किंवा शांतपणे चालणारी दृश्ये, शून्य गुण देऊन भरू नये. तो रिकामा ठेवावा. शून्य म्हणजे तटस्थ भाव, आणि प्रेक्षकाला रडवणारा प्रसंग पुष्कळदा तिथेच असतो.