अपूर्ण कामाचे मूल्यांकन (जॉब परिव्यय पद्धती)

ग्राहकाच्या मागणीनुसार वेगवेगळी कामे करणाऱ्या कारखान्यात महिनाअखेर जी कामे पुरी झालेली नसतात, त्यांची किंमत त्यांच्या खुल्या जॉब खर्चपत्रकांवरून ठरवतात. पत्रकावर त्या कामासाठी दिलेला कच्चा माल व प्रत्यक्ष मजुरी नोंदलेली असते. कारखान्याचे भाडे, वीज, देखरेख यांसारखा अप्रत्यक्ष खर्च मात्र वर्षारंभी ठरवलेल्या दराने त्यात मिळवावा लागतो.

या दराचा पाया काय असावा, याबद्दल जुना मतभेद आहे. प्रारंभीच्या पद्धतींत अप्रत्यक्ष खर्च बहुधा मजुरीच्या टक्केवारीने वाटला जाई. १९०१ च्या सुमारास ए. हॅमिल्टन चर्च यांनी यंत्रतासाच्या दराचा आग्रहाने पुरस्कार केला. महागडे यंत्र स्वस्त मजुराच्या हाती असेल, तर मजुरीचा पाया त्या कामावर फार थोडा खर्च टाकतो. त्यामुळे यंत्रप्रधान कारखान्यात चर्च यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

समजा, वर्षाचा अंदाजित अप्रत्यक्ष खर्च २४,००,००० व अंदाजित यंत्रतास १२,००० आहेत. दर तासाला २०० येतो. महिनाअखेर तीन पत्रके खुली आहेत. पहिल्या कामावर माल ४०,०००, मजुरी १२,००० आणि ६० तास लागले, किंमत ६४,०००. दुसऱ्यावर माल २५,०००, मजुरी ५,००० आणि २० तास; किंमत ३४,०००. तिसऱ्याला १८,००० चा माल दिला, पण काम सुरू झालेले नाही. म्हणून त्यावर अप्रत्यक्ष खर्च चढत नाही. एकूण १,१६,०००.

ही बेरीज खातेवहीतील अपूर्ण कामाच्या नियंत्रण खात्याशी जुळली पाहिजे. पत्रकांची बेरीज १,१२,००० आली, तर ४,००० चा फरक दराने भागून पाहावा : बरोबर २० तास निघतात. म्हणजे दुसऱ्या पत्रकावर अप्रत्यक्ष खर्च चढवायचा राहिला असण्याचा संभव मोठा. काम पुरे झाल्यावरच तो चढवण्याची सवय हे याचे नेहमीचे कारण असते. दराने भाग न जाणारा फरक बहुधा मालाच्या किंवा मजुरीच्या नोंदीत सापडतो. दोन्ही बाजूंना एकच चूक असली, तर मात्र ती या ताळ्यातून सुटते. पाठवून झालेल्या कामाचे पत्रक खुले राहिले आणि नियंत्रण खात्यातूनही ते वजा झाले नाही, की बेरीज जुळते, पण काम जागेवर नसते. म्हणून पत्रके घेऊन कारखान्यात फेरी मारावी लागते.

प्रत्यक्ष खर्च व दराने चढवलेला खर्च यांतील महिन्याचा फरक सामान्यतः पुढे ओढतात, कारण दर वर्षाच्या सरासरीवर बेतलेला असतो. वर्षअखेर तो सर्व साठ्यांवर वाटावा की विकलेल्या मालाच्या खर्चात टाकावा, याविषयी दोन्ही प्रथा आहेत. यंत्रे रिकामी राहिल्यामुळे न चढलेला स्थिर खर्च मात्र आंतरराष्ट्रीय लेखा मानक २ नुसार साठ्याच्या किमतीत धरता येत नाही. ठरलेल्या किमतीतून उरलेल्या कामाचा व विक्रीचा खर्च वजा जाता पत्रकावरील रकमेपेक्षा कमी उरत असेल, तर काम त्या कमी रकमेला दाखवतात.