मुदत लवकरची दिली तरी काम मुदतीलाच का संपते?

कामाला जेवढा वेळ द्यावा तेवढे ते पसरते, हे निरीक्षण सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकाराने १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकातील एका लेखात मांडले. लेखाचा बाज उपरोधिक होता आणि त्याचा खरा रोख नोकरशाहीच्या वाढीवर होता. १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश आरमारातील मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, पण नौदल मुख्यालयातील अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले, असा हिशेब त्यात होता. पुढे लोकांनी ही आकडेवारी विसरून पहिले वाक्यच तेवढे लक्षात ठेवले.

नियोजनशास्त्राने मात्र त्या वाक्याकडे बराच काळ लक्ष दिले नाही. १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' ही पद्धत तयार केली. तीत प्रत्येक कामाचे आशावादी, संभाव्य आणि निराशावादी असे तीन अंदाज घेऊन सरासरी काढली जाई. या गणितामागे एक गृहीतक दडलेले होते: काही कामे लवकर होतील, काही उशिरा होतील आणि दोन्हींची वजाबाकी होऊन बेरीज जुळेल. प्रत्यक्षात उशीर पुढच्या कामावर हटकून जातो, पण वाचलेले दिवस वाटेतच जिरतात.

ते कसे जिरतात, हे दिवाळी अंकाच्या एका कल्पित वेळापत्रकावर पाहता येईल. समजा संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि छपाई-बांधणी अशी चार कामे एकापाठोपाठ आहेत. प्रत्येक काम निम्म्या वेळा ६ दिवसांत होते. पण बोल लागू नये म्हणून प्रत्येकजण १० दिवस सांगतो, कारण १० दिवसांत ते दहापैकी नऊ वेळा होते. एकूण मुदत ४० दिवसांची ठरते. मुद्रितशोधकाचे काम सहाव्या दिवशी संपले, तरी तो आणखी एकदा नजर फिरवतो. लवकर दिले तर पुढच्या वर्षी सहाच दिवस मिळतील, हेही त्याला ठाऊक असते. त्याने मोह टाळून प्रुफे दिलीच, तरी छापखान्यात यंत्र ३१व्या दिवसासाठी राखलेले असते, म्हणून तयार मजकूर तसाच पडून राहतो. बरेच जण तर हाताशी दिवस आहेत म्हणून चार दिवस हातच लावत नाहीत आणि अडचण उरलेल्या सहा दिवसांत उपटते. असा वाचलेला दिवस कोठेच पुढे जात नसेल, तर चारही कामे आपापली मुदत पाळण्याची शक्यता १०० पैकी सुमारे ६६ एवढीच उरते. म्हणजे भरपूर सैल वेळ देऊनही तीनपैकी एका वर्षी अंक लांबणारच. मुदत आणखी अलीकडे ओढल्याने हे सुटत नाही. ती खरी नाही, हे कळताच मंडळी खरी तारीख शोधून काढतात.

यावर ठोस तोडगा १९९७ साली एलियाहू गोल्डराट या इस्रायली विचारवंताने मांडला. तो मूळचा भौतिकशास्त्राचा. त्याने सुचवले की प्रत्येक कामातील सुरक्षिततेचे दिवस काढून घ्यावेत आणि ते साखळीच्या शेवटी एकत्र ठेवावेत. आपल्या उदाहरणात प्रत्येक काम ६ दिवसांचे धरले की २४ दिवस होतात आणि १६ दिवस सुटतात. चारही कामे एकाच वेळी बिघडण्याचा प्रसंग विरळा असल्यामुळे त्यातले निम्मे, म्हणजे ८ दिवस, शेवटी राखीव ठेवले तरी चालते. एकूण ३२ दिवस होतात. मधल्या कामांना तारखाच द्यायच्या नाहीत. मुद्रितशोधकाला 'अजून किती दिवस लागतील?' एवढेच रोज विचारायचे आणि छापखान्याला पूर्वसूचना देत राहायचे.

लक्ष ठेवायचे ते राखीव दिवसांवर. संपादन आणि अक्षरजुळणी मिळून १२ ऐवजी १८ दिवस लागले, तर निम्मी साखळी पार झाली, पण ८ पैकी ६ राखीव दिवस खर्ची पडले. अशा वेळी दुसरा मुद्रितशोधक घ्यावा. त्याहून बरे म्हणजे पूर्ण अंकाची वाट न पाहता एकत्र छापायच्या पानांचा एकेक फॉर्म जुळेल तसा तपासायला द्यावा, पण तो निर्णय अक्षरजुळणी रेंगाळू लागते तेव्हाच घेतला तर उपयोगी पडतो.

या हिशेबाला मर्यादा आहे. निम्मे दिवस पुरतात ते अडचणी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. संपादन आणि मुद्रितशोधन एकाच माणसाकडे असेल आणि तोच आजारी पडला, तर दोन्ही कामे मिळून लांबतात. शिवाय सहा दिवसांत काम न झाल्याबद्दल एकदा जरी कोणाला जाब विचारला, तरी पुढच्या खेपेला तो बारा दिवस सांगतो. ६ हा आकडा निम्म्या वेळा चुकणारच आहे, हे संपादकाने आधी मान्य केलेले असावे लागते आणि माझ्या मते या पद्धतीत सर्वांत अवघड भाग हाच आहे.