नोकरी बदलताना भविष्य निर्वाह निधी आणि विमा संरक्षण (भारत)

नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने जुन्या आस्थापनेतील भविष्य निर्वाह निधी (पीएफ), त्याला जोडलेली पेन्शनची सेवा आणि आरोग्य विमा नव्या नोकरीत खंड न पडता कसा न्यावा, याची ही कार्यपद्धती आहे. पीएफ आणि पेन्शनची सेवा खरोखर हस्तांतरित होतात. कंपनीचा गट आरोग्य विमा मात्र हस्तांतरित होत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते. हा फरक लक्षात न घेतल्यानेच बहुतेकांचे नुकसान होते.

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे सदस्याचा कायमचा खाते क्रमांक, सुरू केला. नोकरी बदलली की या एकाच क्रमांकाखाली नवा सदस्य क्रमांक तयार होतो. म्हणून नव्या नोकरीत रुजू होताना भरायच्या फॉर्म ११ मध्ये जुना यूएएन लिहिणे ही पहिली पायरी. तो लिहायचा राहिला तर दुसरा यूएएन निघू शकतो आणि दोन्ही खाती जुळवण्यात महिने जातात. त्यानंतर सदस्य पोर्टलवर ‘One Member – One EPF Account’ या पर्यायातून जुन्या खात्यातील रक्कम मागवायची. आधार जोडलेला एकच यूएएन असेल, तर जानेवारी २०२५ पासून बहुतेक प्रकरणांत मालकाच्या मंजुरीची गरज उरलेली नाही.

अर्ज अडतो तो बहुधा नोकरी सोडल्याच्या तारखेवर. ही तारीख जुन्या मालकाने पोर्टलवर नोंदवायची असते. ती नसेल, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी कर्मचारी स्वतः ‘Mark Exit’ वापरून ती भरू शकतो. सर्व्हिस हिस्टरी उघडली की तारखेचा रकाना रिकामा आहे का ते लगेच दिसते. जुनी तारीख नव्या रुजू तारखेच्या पुढे गेली, तर दोन्ही नोकऱ्या एकाच काळात दिसतात आणि चौकशी मागे लागते. त्यामुळे शेवटचा हिशेब घेताना रिलीव्हिंग लेटरवरची आणि पोर्टलवरची तारीख एकच आहे ना, हे पाहून घ्यावे.

रक्कम हलवण्यापेक्षा पेन्शनची सेवा जोडणे अधिक मोलाचे आहे, आणि दुर्लक्ष होते तेही तिच्याकडेच. समजा, एका कामगाराचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहे. तो पुण्यातल्या कारखान्यात ६ वर्षे आणि नंतर नाशिकमध्ये ५ वर्षे काम करतो. दरमहा त्याचे १,८०० रुपये पीएफमध्ये जातात. मालकाच्या १,८०० रुपयांपैकी १,२५० रुपये १९९५ च्या पेन्शन योजनेत आणि उरलेले ५५० रुपये पीएफमध्ये जमा होतात. पुणे सोडताना त्याने पेन्शनची रक्कम काढून घेतली, तर पहिली ६ वर्षे पुसली जातात. उरलेल्या ५ वर्षांवर मासिक पेन्शन मिळत नाही, कारण त्यासाठी किमान १० वर्षे लागतात. सेवा जोडली, तर ११ वर्षे होतात. मग १५,००० गुणिले ११ भागिले ७० या सूत्राने ५८ व्या वर्षापासून दरमहा सुमारे २,३५७ रुपये मिळतात.

हस्तांतरणानंतर नव्या पासबुकात पीएफची रक्कम दिसते, पण पेन्शनच्या रकान्यात पुण्यातल्या ६ वर्षांचे ९०,००० रुपये दिसत नाहीत. अनेकजण ते पाहून घाबरतात. पैसे बुडालेले नसतात. पेन्शन ही सेवेची वर्षे आणि पगार यांवर ठरते, म्हणून रकमेऐवजी सेवेची नोंद पुढे जाते. ती नोंद जुन्या पीएफ कार्यालयाकडून निघणाऱ्या ‘अ‍ॅनेक्श्चर के’मध्ये तपासता येते. प्राप्तिकरातही जोडलेली सेवा उपयोगी पडते: पाच वर्षांची सलग सेवा मोजताना आधीच्या मालकाकडची वर्षे धरली जातात, आणि त्याआधी पीएफ काढल्यास तो करपात्र ठरतो.

आता विमा. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा (ईएसआय) लागू असेल, तर त्याचा विमा क्रमांकही तोच राहतो आणि नव्या मालकाला तो द्यायचा असतो. गट आरोग्य विम्याचे संरक्षण मात्र साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. नव्या कंपनीची पॉलिसी वेगळी असते; रुजू होईपर्यंतच्या मधल्या दिवसांत कुटुंबाला संरक्षण नसते, आणि आई-वडिलांचा तिच्यात समावेश असेलच असे नाही.

यावर सोय अशी की त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते. गट पॉलिसीत काढलेली वर्षे, जुन्या विम्याच्या रकमेपुरती, आधीपासूनच्या आजारांवर दावा मिळण्याआधीच्या प्रतीक्षा काळातून वजा होतात. नवीन पॉलिसीत हा काळ कमाल ३ वर्षांचा असू शकतो. त्यामुळे वडिलांचा मधुमेह तीन वर्षे गट पॉलिसीत असेल, तर पुन्हा शून्यापासून थांबावे लागत नाही. हप्ता मात्र वयानुसार वाढतो आणि तो स्वतः भरावा लागतो. विमा कंपनी आरोग्याची माहितीही मागू शकते. म्हणून अर्ज शेवटच्या दिवशी नव्हे, नोटीस पिरियड सुरू असतानाच करावा, आणि एचआरकडून गट पॉलिसीचा क्रमांक, प्रत्येक सदस्याची समावेशाची तारीख व विम्याची रक्कम लेखी घ्यावी. नोकरी सुटल्यावर हा कागद मिळवणे अवघड जाते.